नकाराची हद्द
प्रश्नपत्रिकेत सूचना येते, ‘१८५७ च्या उठावाच्या कारणांची फक्त यादी देऊ नका.’ एक मुलगा कारणं ओळीने मांडून प्रत्येकापुढे दोन वाक्यांचं स्पष्टीकरण देतो. शेजारची मुलगी यादीला हातच लावत नाही, सलग परिच्छेद लिहिते. माझ्या मते दोघांचंही बरोबर, कारण हा ‘नका’ कुठवर पोचतो ते वाक्य सांगतच नाही. त्याने ‘फक्त’ला धरलं, तर यादी चालेल, पण तेवढ्यावर थांबू नये. ‘फक्त’ त्याच्या हद्दीबाहेर राहिला, तर बाकी काहीही लिहा, यादी तेवढी नको. बोलताना आवाजाच्या जोरावरून उलगडा होतो. छापील कागदावर तो जोर उमटत नाही. ‘च’ची मदतही अर्धीच. ‘यादी देऊच नका’ यात शंका नाही, पण ‘यादीच देऊ नका’ पुन्हा दोन्हीकडे झुकतं. ‘कारणे द्या आणि प्रत्येक कारण स्पष्ट करा’ असं सरळ छापायला कुणाची हरकत आहे, कळत नाही. परीक्षेत दोन गुणांवर भागतं. औषधाचं तसं नाही. ‘बरं वाटलं म्हणून गोळ्या थांबवू नका’ यात बरं वाटणं हे थांबवण्याचं कारण, आणि नकार त्यालाच नाकारतो. ‘पित्त होतं म्हणून उपाशीपोटी घेऊ नका’ यात मात्र पित्त हे नकाराचंच कारण. घडण तीच, अर्थ आपण आधीच्या माहितीवरून लावतो. आता ‘ताप आहे म्हणून ही गोळी घेऊ नका’ घ्या: तापावर नको पण अंगदुखीवर चालेल, की ताप असेपर्यंत नकोच?