पहिलटकरणीची पिशवी आणि नावांचा गुंता

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा महाराष्ट्रातील रिवाज आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. सातव्या महिन्यात लेक माहेरी येते आणि घरातील वडीलधाऱ्या बायका तिच्या तयारीला लागतात. जुनी सुती लुगडी फाडून दुपटी होतात, झबली-टोपरी शिवली जातात, कुंची काढून उन्हात टाकली जाते. बाळंतविडा भरण्याची ही विद्या पिढ्यानपिढ्या चालत आलेली असल्यामुळे ती कुणाला शिकवावी लागत नाही. परंतु आता बाळंतपण घरच्या अंधाऱ्या खोलीत होत नाही, ते रुग्णालयात होते. आणि रुग्णालयाच्या दारात कपड्यांच्या पिशवीइतकीच दुसरी एक पिशवी लागते. ती कागदांची. तिची विद्या आजीला ठाऊक नाही, आईला ठाऊक नाही, आणि ज्या शासनाने ते कागद मागितले त्याने ती शिकविण्याची तसदी घेतलेली नाही.

एक उदाहरण घेऊ. मुलीचे सासर पुणे जिल्ह्यातील चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात. नवरा कंत्राटी कामगार. माहेर लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात, वडील अल्पभूधारक. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस 5 मे. नऊ महिने आणि सात दिवस मिळविले की 12 फेब्रुवारी ही अपेक्षित तारीख निघते. मूल नेमके त्याच दिवशी जन्माला येईल असे नाही. म्हणून त्याआधी चार आठवडे, म्हणजे 15 जानेवारीला, दोन्ही पिशव्या भरून दाराशी असल्या पाहिजेत. रुग्णवाहिकेचे 102 व 108 हे क्रमांक त्याच दाराशी भिंतीवर लिहिलेले असावेत. पाणी गेले किंवा रक्त दिसले, तर कळांची वाट न पाहता तेव्हाच निघायचे असते.

कपड्यांच्या पिशवीत काय असावे? आईसाठी पुढून उघडणारे दोन-तीन सैल गाऊन किंवा नेहमीची मऊ लुगडी, उन्हात वाळविलेले सुती कपडे अथवा पॅडचा पुडा, टॉवेल, चादर, चपला, साबण, तांब्या-भांडे, ताट-वाटी. बाळासाठी चार झबली, सहा-आठ लंगोट, दोन टोपरी, पायमोजे आणि चार मऊ दुपटी. यांतली दोन दुपटी सर्वांत वर, हाताला लागतील अशी ठेवावीत. मूल जन्मताच ओले असते. पहिल्या दुपट्याने त्याला पुसायचे व ते ओले दुपटे बाजूला टाकायचे, मग बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवून दुसऱ्या कोरड्या दुपट्याने पांघरायचे, डोक्यावर टोपरे घालायचे. पुसलेल्याच ओल्या कापडात मूल गुंडाळले तर ते गारठते, आणि नवजात मुलाला गारठा फार लवकर बाधतो. मूल होण्याआधी त्याचे कपडे आणू नयेत, असा समज काही घरांत आहे. नवे न आणणे चालेल. पण जुने तरी धुऊन वाळवून आधी ठेवलेच पाहिजेत. आयत्या वेळी धुतलेले दमट कापड हेच त्या समजाचे खरे अशुभ फळ होय. घुटी, मध, काजळ, पावडर आणि दुधाची बाटली मात्र पिशवीत ठेवूच नये. पहिल्या तासात बाळाला आईचे चीक दूध मिळाले म्हणजे त्याला दुसऱ्या कशाची गरज नसते.

आता कागदांची पिशवी. सर्वांत मोलाचा कागद म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. तपासण्या, धनुर्वाताच्या लसी, हिमोग्लोबिन, रक्तदाब यांच्या नोंदी त्यावर असतात. आपल्या उदाहरणातील कार्ड चाकणला निघाले. ते सासरी कपाटात राहिले, तर लातूरच्या डॉक्टरला ही बाई नवखी वाटते. त्या कार्डाबरोबर रक्तगट, एचआयव्ही, कावीळ-ब, साखर यांचे अहवाल आणि सोनोग्राफीचे कागद असावेत. आईचा रक्तगट निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर आईला 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. आधीचा अहवाल हाती असला की ही गोष्ट कुणाच्या नजरेतून सुटत नाही. आधार, बँकेचे पासबुक, असल्यास शिधापत्रिका व जातीचा दाखला, यांच्या मूळ प्रती एका प्लास्टिकच्या पाकिटात आणि प्रत्येकी दोन झेरॉक्स दुसऱ्या पाकिटात. मूळ कागद दाखवायचे, द्यायच्या त्या झेरॉक्स. हा नियम मोडला की गर्दीत मूळ कागद हरवतो आणि मग आठवडेच्या आठवडे खेटे घालावे लागतात.

कागद गोळा झाले म्हणजे काम संपले असे नाही. खरी अडचण त्यानंतर दिसते, आणि ती नावाची आहे. या मुलीच्या आधारवर वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव आहे. पासबुक शाळेत असताना काढलेले, तेही माहेरच्या नावाचे. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि सासरी सर्वजण तिला त्याच नावाने हाका मारू लागले. चाकणला कार्ड काढताना सासूबाईंनी तेच नाव सांगितले. रुग्णालयात केसपेपर काढताना आईने माहेरचे पहिले नाव आणि नवऱ्याचे आडनाव सांगितले. एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावे झाली. लग्नानंतर स्त्रीने नाव बदलावे असे कोणताही कायदा म्हणत नाही, रिवाज म्हणतो. परंतु त्या रिवाजाची किंमत कचेरीच्या खिडकीशी तिला एकटीला मोजावी लागते.

ही किंमत केवढी, तेही पाहू. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी 5000 रुपये मिळतात. 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे गर्भारपणाची नोंद व किमान एक तपासणी झाल्यावर 3000, आणि जन्मनोंदणी व लसींची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर 2000. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि अर्जातील नाव आधारशी जुळावे लागते. तिने मधल्या काळात सासरी दुसरे खाते उघडून तेही आधारशी जोडले असेल, तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. घरचे मात्र जुने पासबुक भरून घेतात आणि पैसे आलेच नाहीत असे समजतात. यावर उपाय एकच. गर्भारपणाची पहिली नोंद करतानाच आधारवर जे नाव आहे तेच, अक्षर न बदलता, सर्वत्र सांगावे. नाव बदलायचे असेल तर ते आधी बदलावे किंवा सर्व हप्ते मिळाल्यावर. मध्येच बदलू नये. कार्डावर वेगळे नाव पडलेच असेल, तर सातव्या महिन्यात माहेरी निघण्यापूर्वी आशाताईंकडून ते दुरुस्त करून घ्यावे.

केसपेपर हा तर मुलाच्या आयुष्यातील पहिल्या दस्तऐवजाचा पाया आहे. रुग्णालय जन्माची खबर त्याच्याच आधारे देते. म्हणून तो हाती येताच आईचे नाव, वडिलांचे नाव व कायमचा पत्ता वाचून पाहावा. त्याच दिवशी चूक दुरुस्त होते, नंतरची दुरुस्ती अर्जांची असते. जन्माची नोंद मूल जिथे जन्मले तिथेच होते, चाकणला नव्हे. तेव्हा सासरी परतण्यापूर्वीच दाखला घ्यावा. 21 दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंबशुल्क, एक वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी, आणि त्यापुढे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. बारशाचे नाव ठरले नसेल तरी नोंद थांबवू नये. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत हाच दाखला जन्माचा पुरावा धरला जातो, हे ध्यानात ठेवावे.

मूल 9 फेब्रुवारीला जन्मले असे धरू. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या लसी 18 मेच्या सुमारास पूर्ण होतात. तोवर ती सासरी परतलेली असते. पहिली लस लातूरला, शेवटची चाकणला. दोन्हींची नोंद त्याच एका कार्डावर व्हायला हवी, नाहीतर दुसरा हप्ता अडतो. म्हणजे ही पिशवी रुग्णालयातून घरी आल्यावर रिकामी करायची नसते.

येथे सहीचा प्रश्नही सांगितला पाहिजे. शस्त्रक्रिया करावी लागली तर नवऱ्याची सही हवी म्हणून पाहुणे धावाधाव करतात. नवरा तिकडे पाळीवर असतो. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. तिच्याऐवजी आईने दिलेली संमती चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच एका निकालात स्पष्ट केले आहे.

आता शासनाच्या बाजूचा हिशेब. 2011 पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार आणि घरी पोचविणारी गाडी ही सर्व विनामूल्य आहेत. कुणी पैसे मागितले तर ते बेकायदा आहे, हे प्रत्येक पहिलटकरणीला माहीत हवे. पण 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला किमान 6000 रुपयांचा हक्क दिला, आणि पहिल्या मुलासाठीच्या योजनेने 5000 ठरविले. उरलेले जननी सुरक्षा योजनेतून भरून निघतात असे म्हणावे, तर महाराष्ट्रातील ग्रामीण भागात त्या योजनेचे 700 रुपये. तेही दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती वा जमातीच्या स्त्रीलाच. बेरीज 5700. जिला ते लागू नाहीत तिला 5000. कायद्यातला किमान आकडा बेरजेत कुठेच गाठला जात नाही. आणि जो आकडा आहे तोही नावातील एका अक्षरावर अडतो.

नावे जुळविण्याचे काम बाळंतिणीचे नव्हे, कचेरीचे आहे. तिची नोंद झाली, तिला क्रमांक मिळाला, प्रसूती सरकारी खाटेवर झाली. मग हीच ती बाई, हे शासनाला अजून कुणी सांगायचे? रुग्णालयातून घरी जाताना खाटेपाशीच नाव तपासून, दाखला हाती देऊन आणि हक्काचे पूर्ण 6000 रुपये खात्यात घालून तिला निरोप द्यावा, ही मागणी अवाजवी नाही. ती पुरी होईपर्यंत बाळंतविड्याशेजारी कागदांचे पाकीट ठेवावेच लागेल. आणि ते भरताना त्या मुलीला स्वतःला शेजारी बसवावे, कारण त्यावरचे नाव तिचे आहे.