ताटांचा करार आणि अन्नाचा हिशेब

तुळशीचे लग्न लागले की आमच्याकडे लग्नसराईस आरंभ होतो, आणि तिच्यामागोमाग अन्नाच्या नासाडीविषयीची हळहळही दरसाल नव्याने सुरू होते. कोणी पाहुण्यांच्या हावरेपणास दोष देतो, कोणी यजमानाच्या बडेजावास, तर कोणी वधूवरांच्या मस्तकी पडणाऱ्या मूठभर अक्षतांस. ही हळहळ खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती अस्थानी आहे खास. अन्न वाया जाते ते कार्याच्या दिवशी सर्वांच्या डोळ्यांस दिसते. ते वाया जावयाचे हे मात्र ठरते त्याच्या दोन-तीन महिने आधी, मंगल कार्यालयाच्या कचेरीत, जेव्हा वधूपिता आणि केटरर समोरासमोर बसून किती ताटांचा करार करावयाचा याचा आकडा कागदावर लिहितात. आज त्या कागदाविषयीच आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

हा करार बहुधा असा असतो. दर ताटामागे एक भाव ठरतो, आणि त्याबरोबर ताटांची एक किमान संख्या यजमान कबूल करतो. त्याहून कमी माणसे जेवली तरी पैसे कबूल संख्येचेच द्यावयाचे. अधिक जेवली तर वरच्या ताटांचे निराळे. आता हा आकडा येतो कोठून? दोन्ही पक्ष आपापल्या पत्रिकांची गणती करतात, एका पत्रिकेमागे तीन-चार माणसे धरतात, आणि 'ऐन वेळी कमी पडले तर अब्रू जाईल' या भयाने त्यात आणखी शंभराची भर घालतात. निमंत्रण पोहोचल्यावर आपण येणार की नाही हे उलट कळविण्याची चाल आपल्याकडे नाही. किंबहुना तसे विचारणे हाच पाहुण्याचा अपमान समजला जातो. तेव्हा जो आकडा लिहिला जातो तो अंदाजाचा नसून भयाचा असतो, आणि त्या भयाच्या मापानेच चुलीवर पातेली चढतात.

येथे एक उदाहरण घेऊन हिशेब करून पाहू. आमचे पुष्कळ वाचक व्यापारी आहेत. आकड्यांची भाषा त्यांस उपदेशाहून अधिक पटेल. समजा, ८०० ताटांचा करार झाला आणि प्रत्यक्षात ६२० माणसे जेवली. दर माणशी कोरडा तांदूळ ७५ ग्रॅम आणि पुऱ्यांची कणीक ७५ ग्रॅम धरली, तर न आलेल्या १८० माणसांच्या नावाने २७ किलो धान्य शिजले. आता जे आले त्यांच्या ताटांकडे पाहू. कोणी काहीच टाकत नाही, कोणी मूठभर टाकतो. सरासरीने दर ताटात केवळ ५० ग्रॅम भात उरला असे मानले तरी ६२० ताटांचा मिळून ३१ किलो शिजलेला भात होतो. कोरडा तांदूळ शिजल्यावर सुमारे अडीचपट भरतो. म्हणजे हा साधारण १२ किलो तांदूळ झाला. दोन्ही मिळून ३९ किलो. यात डाळ, तेल, भाज्या, श्रीखंड, मिठाई यांपैकी काहीही धरलेले नाही.

हा ३९ किलोंचा आकडा केवढा आहे हे कळण्यास दुसरा एक आकडा शेजारी ठेवला पाहिजे. २०१३ साली झालेल्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबांतील दर माणसास महिन्यास ५ किलो धान्य मिळते, आणि अंत्योदय योजनेत गणलेल्या अतिदरिद्री कुटुंबास ते महिन्यास ३५ किलो मिळते. याचा अर्थ असा की, आमच्या या मध्यम प्रतीच्या एका लग्नात, एका जेवणाच्या वेळी, कोणाच्याही दुष्टपणावाचून, देशातील अत्यंत गरीब घराच्या महिन्याच्या शिध्याहून अधिक धान्य उकिरड्यावर गेले. ज्या शहरात ही लग्ने होतात त्याच शहरात त्या शिध्यासाठी बाया पिशव्या घेऊन रेशनच्या दुकानापुढे रांग धरतात. हे दोन आकडे एकाच गावाचे आहेत, हे विसरता येत नाही.

आता या नासाडीचे दोन भाग नीट निराळे केले पाहिजेत, कारण त्यांचे उपाय निराळे आहेत. पहिला भाग ताटातील उष्ट्याचा. पूर्वी पंगतीत आग्रह करकरून वाढले जाई व त्यापायी पुष्कळ टाकले जाई. बुफे आला तेव्हा आता जो तो हवे तेवढेच घेईल अशी आशा होती. ती फळास आली नाही, आणि त्याचे कारण पदार्थांची संख्या हे होय. टेबलावर वीस पदार्थ मांडले म्हणजे मनुष्य प्रत्येकाची चव पाहू इच्छितो. पुन्हा रांगेत उभे राहण्याचा कंटाळा म्हणून एकदाच ताट भरून घेतो. आणि पोट मात्र पूर्वीएवढेच असल्याने अर्धे तसेच सोडतो. शिवाय कोणता पदार्थ अधिक खपेल हे केटररला आधी कळत नसल्याने त्यास प्रत्येक पदार्थ हात राखूनच करावा लागतो. सात-आठ पदार्थ, लहान ताटल्या, आणि भात व गोड पदार्थ वाढावयास एक समजूतदार मनुष्य, एवढी योजना केली तरी ताटातील उष्टे पुष्कळच कमी होईल. जे उष्टे झाले त्यास मात्र उपाय नाही. ते कोणास द्यावयाचे नाही.

दुसरा भाग पातेल्यात राहिलेल्या अन्नाचा. हे अन्न उरले की कोणा संस्थेस बोलावून देऊन टाकू, अशी आजकाल पुष्कळांची समजूत असते. रोटी बँक किंवा रॉबिन हूड आर्मी यांसारख्या मंडळींनी या कामी जी मेहनत घेतली आहे तिचा आम्ही आदरच करतो. परंतु शिजलेले अन्न घड्याळाशी बांधलेले असते. ते एक तर ६० अंश सेल्सिअसच्या वर कढत राहिले पाहिजे, नाहीतर त्वरेने थंड करून ५ अंशांखाली ठेवले पाहिजे. या दोहोंमध्ये कोमट राहिलेले अन्न दोन तासांनंतर भरवशाचे राहत नाही. भाताचा धोका विशेष आहे. त्यातील एका जंतूचे बीज शिजवण्यानेही मरत नाही, कोमट भातात ते वाढते, आणि त्याचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास आला नाही म्हणून भात चांगला, ही परीक्षा खोटी आहे. दुपारी बारापासून टेबलावर उघडे राहिलेले अन्न चार वाजता फोन करून आणि सहा वाजता वस्तीत पोहोचवून दान केले, तर ते दान नसून आपल्या घरचे ओझे दुसऱ्याच्या पोटावर टाकणे होय. उरलेले अन्न गोळा करून वाटण्याविषयी २०१९ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नियम केले, त्यांचे कारणही हेच.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. पंगती उठल्यावर उष्ट्यासाठी बाहेर ताटकळत राहण्याची पाळी ज्या समाजावर आम्ही आणली होती, त्यास १९२७ साली महाड येथे डॉक्टर आंबेडकरांनी असे उष्टे खाणे सोडण्याचा निश्चय करावयास सांगितले. ज्या देशात हे सांगावे लागले त्या देशात गरिबास आपल्या मेजवानीचा शेवट देऊन पुण्य जोडण्याची भाषा कोणी करू नये. द्यावयाचेच असेल तर स्वच्छ, झाकलेले, वेळेवर आणि मानाने द्यावे. त्याहून उत्तम म्हणजे ते अन्न शिजवूच नये. कोठीत राहिलेला तांदूळ उद्याही तांदूळच असतो. पातेल्यात गेला की त्यास एका दिवसाचेही आयुष्य उरत नाही.

यावर सरकारने कायदा करावा असे कित्येक सुचवतात. ते प्रयोगही झाले आहेत. जम्मू-काश्मीर सरकारने २०१७ साली मुलीच्या लग्नास ५०० व मुलाच्या लग्नास ४०० पाहुण्यांची मर्यादा घातली होती आणि पदार्थांची संख्याही बांधून दिली होती. परंतु लोकांच्या मांडवात शिरून माणसे मोजणारा शिपाई एकतर तेथे पोहोचत नाही, आणि पोहोचला तर जेवून परत जातो. आमच्या मते येथे फौजदारी कायद्यापेक्षा कराराचा कायदा अधिक उपयोगी पडेल, कारण तो दोन्ही पक्षांच्या स्वार्थावर उभा आहे.

आजच्या करारात अन्न वाचवण्यात कोणाचाच स्वार्थ नाही, हीच त्याची खोट आहे. यजमानाने पैसे दिलेलेच असतात, म्हणून सर्व शिजवून घेण्याकडे त्याचा ओढा. आणि केटररने माणसे लावलेली, भांडी व गॅस आणलेला, म्हणून किमान संख्या सोडणे त्यास परवडत नाही. यात केटररला लोभी म्हणण्याचे कारण नाही. त्याचा खर्च खरोखरच झालेला असतो. यास उपाय असा की, भाव दोन भागांत लिहावा. आचारी, वाढपी, भांडी, सरपण यांची मजुरी ठोक ठरवावी व ती माणसे कमी आली तरी पूर्ण द्यावी. शिधासामग्रीचे पैसे मात्र जेवढी ताटे उठली तेवढ्यांचेच द्यावेत. मग कमी शिजवण्यात दोघांचाही फायदा आहे.

याबरोबर आणखी तीन कलमे घालावीत. पहिले, ताटांचा पक्का आकडा कार्याच्या तीन दिवस आधी द्यावा, आणि तोपर्यंत दोन्ही घरच्या एकेका मनुष्याने फोन करून कोण येणार याची यादी करावी. दुसरे, तांदूळ व कणीक यांचा शेवटचा चौथा हिस्सा आरंभीच शिजवू नये. ताटे मोजण्याची चाल केटररकडे आहेच. ती बिलासाठी मोजली जातात, ती जरा आधी स्वयंपाकासाठी मोजावीत. पहिल्या तासात किती ताटे उठली हे पाहून पुढचा घाणा काढावा की नाही हे ठरवता येते. भाताचा एक घाणा व्हावयास पाऊण तासाहून अधिक लागत नाही. तिसरे, उरलेले अन्न कोण, कोठे आणि किती वाजता नेणार हे आधीच लिहून ठेवावे, आणि त्यासाठी नोंदणी झालेल्या संस्थेस आदल्या दिवशीच कळवावे.

'पैसा आमचा, अन्न आमचे, तुम्हांस काय?' असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचे उत्तर असे की, पैशाने धान्य विकत घेता येते, ते पिकविण्यास लागलेला एक पावसाळा विकत घेता येत नाही. आणि अब्रूविषयी म्हणाल तर अन्न कमी पडल्याने अब्रू जाते हे आम्हांस मान्य आहे. परंतु अखेरचा घाणा तयारीत ठेवणाऱ्याकडे अन्न कमी पडतच नाही. तेव्हा या सराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी केटररच्या छापील कागदावर डोळे मिटून सही करण्यापूर्वी ही चार कलमे त्यावर आपल्या हाताने लिहावीत. हॉलची सजावट, पत्रिकेचा कागद आणि शालूचा रंग यांवर जेवढा वेळ खर्च होतो, त्याचा दशांशही यास लागणार नाही.