चाळीस लाखांची मर्यादा आणि विजापूरचे पार्सल

घरी शिवलेले अबाया, हिजाब, दुपट्टे व्हॉट्सॲपवर विकणाऱ्या बायका आमच्या सोलापुरात आता गल्लोगल्ली आहेत. रमजानच्या आधी दीड-दोन महिने यांच्या मशीनला उसंत नसते. जीएसटीचा विषय काढला की बहुतेकींचे उत्तर ठरलेले असते, "भाई, चाळीस लाखांपर्यंत काही लागत नाही." हे अर्धेच खरे आहे.

वस्तू विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत महाराष्ट्रात नोंदणीची सक्ती नाही, पण ही सूट राज्याच्या आतल्या विक्रीसाठी आहे. वस्तू राज्याबाहेर विकली की जीएसटी कायद्याच्या कलम २४ नुसार नोंदणी सक्तीची होते, मग उलाढाल कितीही असो. सोलापूरहून मुंबईला, चारशे किलोमीटरवर पार्सल गेले तर प्रश्न नाही. विजापूर शंभर किलोमीटरवर, पण ते कर्नाटकात! आणि आमच्याकडे निम्म्या घरांच्या सोयरिकी विजापूर, गुलबर्गा, हैदराबादला. पहिली बाहेरची ऑर्डर बहुधा नात्यातूनच येते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा एखादी भाभी वर्षाला ६ लाखांचा माल विकते आणि त्यासाठी अडीच लाखांचे कापड घेते. हैदराबादला बाराशेचा अबाया पाठवायचा म्हणून तिने नोंदणी केली. आता कर फक्त त्या बाराशेवर लागत नाही. नोंदणी झाली की सोलापुरातल्या विक्रीवरही लागतो. अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर सध्या ५ टक्के, म्हणजे ६ लाखांवर ३० हजार. कापडावर भरलेला ५ टक्के कर, साडेबारा हजार, त्यातून वजा होतो, पण घाऊक दुकानदाराने तिच्या जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल दिले तरच. कच्च्या बिलावर काही मिळत नाही. उरले साडेसतरा हजार. गिऱ्हाईक वाढीव किंमत देत नसेल तर हे पैसे तिच्या शिलाईच्या मजुरीतून जातात. कंपोझिशन योजनाही इथे कामाची नाही, कारण त्या योजनेत राज्याबाहेर माल विकताच येत नाही.

म्हणून माझे मत असे, की राज्याबाहेरच्या दोन-चार ऑर्डरींसाठी नोंदणी करू नये आणि नोंदणी न करता त्या पाठवूही नयेत. बाहेरची मागणी नियमित झाली, पक्क्या बिलाचे कापड मिळू लागले, की मग खुशाल करावी. नोंदणीला सरकारी फी नाही. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर वीजबिल किंवा घरपट्टीची पावती आणि त्यांचे संमतीपत्र जोडावे लागते. फी घेतो तो एजंट. मात्र नोंदणीनंतर विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावे लागते. शून्य विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, एका विवरणपत्रामागे कमाल ५००. रमजान संपल्यावर मशीन झाकून ठेवणारी बाई नेमकी इथेच अडकते.

मोठ्या शॉपिंग संकेतस्थळांवर विकायचे असेल तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या वस्तुविक्रेत्यांना सवलत आहे. जीएसटी पोर्टलवर पॅन आणि धंद्याचा पत्ता देऊन एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा, तो संकेतस्थळाला द्यायचा. हा जीएसटी क्रमांक नव्हे, याच्यावर विवरणपत्रे नाहीत. अट तीच, विक्री एकाच राज्यात.

बाकीचे कागद सोपे आहेत. शॉप ॲक्टचे 'लायसन' काढून देतो म्हणून पैसे उकळणारे पुष्कळ भेटतात, पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात कामगार मोजकेच असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची पावती आणि उद्यम प्रमाणपत्र बँकेत चालू खाते उघडताना उपयोगी पडते. उद्यम पूर्ण मोफत आहे, पण ते असले म्हणजे जीएसटीतून सुटका झाली असे नाही.

माझी खरी तक्रार कायद्याच्या त्या एका रेषेवर आहे. सेवा देणाऱ्याला राज्याबाहेर काम करूनही २० लाखांपर्यंत सूट आहे. हैदराबादच्या बाईने स्वतःचे कापड पाठवले आणि आपल्या भाभीने ते शिवून परत धाडले, तर ती सेवा ठरते, नोंदणी लागत नाही. तोच अबाया स्वतःच्या कापडाचा शिवून विकला की वस्तू, आणि नोंदणी सक्तीची. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना सरकारने २० लाखांपर्यंत अशी सूट दिलेली आहे, म्हणजे देता येते हे उघड आहे. मशीनवर शिवणाऱ्या बाईला ती का नाही, याचे पटेल असे कारण मला कुणा करसल्लागाराकडून अजून ऐकायला मिळालेले नाही.