नॉइज कुणाचा कॅन्सल?

बॉक्सवर ‘नॉइज कॅन्सलेशन’ दिसलं की आपण खूश! पण हा नॉइज नक्की कुणाच्या कानातला कॅन्सल होतो, याचा क्लास मला मिळाला तो पनवेलच्या एसटी स्टँडजवळच्या एका छोट्याशा मोबाइल शॉपमध्ये. मी चार्जरची केबल घेत होते. शेजारी एक मुलगी. पहिला पगार झालेला, फोनमध्ये पाच-सहा स्क्रीनशॉट्स आणि चेहऱ्यावर दहावीच्या रिझल्टचं टेन्शन.

‘‘काका, दोन हजारांत चांगले वायरलेस... एएनसीवाले मिळतील ना?’’

काकांनी बॉक्स काढलाच नाही. ‘‘वापरणार कुठे, ते सांगा आधी.’’

‘‘लोकलमध्ये. पनवेल ते सीएसएमटी. वाटेत क्लायंटचे फोन येतात, पण त्यांना माझं काही ऐकूच जात नाही. अजून प्रोबेशनवर आहे हो मी...’’

‘‘मग नुसत्या एएनसीनं तुमचं काम नाही होणार, ताई. एएनसी तुमच्या कानासाठी. बाहेरचा आवाज पकडून त्याची उलटी लहर तो कानात सोडतो. पंख्याची, मोटरची एकसुरी घरघर कमी होते. डब्यातल्या गप्पा येतच राहतात. समोरच्याला तुम्ही नीट ऐकू जायला हवं ना? ते काम ईएनसीचं. तुमच्या माइकमधला गोंगाट तो गाळतो.’’

‘‘पण बॉक्सवर तर दोन्ही लिहिलंय!’’

‘‘लिहायला काय जातं? फोन लावून बघू.’’

काकांनी डेमो पीस पुसला, रबरी टिप्स बदलल्या आणि तिला थेट रस्त्यावर, रिक्षांच्या गर्दीत उभं केलं. तिनं मैत्रिणीला फोन लावला. पहिल्या इअरबड्सवर मैत्रीण म्हणाली, हॉर्न ऐकू येत नाहीये, पण तू पाण्याखालून बोलतेयस! ‘‘गोंगाट गाळताना आवाजही गाळला त्यानं,’’ काका म्हणाले. दुसऱ्यावर हॉर्न थोडा आला, पण शब्द न् शब्द कळला.

तेवढ्यात बोलता बोलता एक बड कानातून घसरला. काकांनी लहान टिप लावून दिली. ‘‘टिप सैल असेल तर जबडा हलला की बड निसटतो, गाण्यातला बेसही जातो. पण गर्दीत धक्का लागून सीटखाली गेला, तर शोधणार कसा? त्यापेक्षा नेकबँड बघा. निसटला तरी गळ्यात राहतो. फक्त ओढणी माइकवर घासू देऊ नका, खरखर येते.’’

नेकबँडवरही तीच टेस्ट झाली. एएनसी नव्हतं, पण मैत्रीण पास म्हणाली. किंमत तेराशे. मुलीचे खांदे पहिल्यांदा सैल झाले. बिलावर तारीख आणि शिक्का मारून काका म्हणाले, ‘‘वॉरंटीसाठी बिल जपा. आणि वाशीच्या खाडीपुलावर गाडी सुसाट असताना यातलं काहीच टिकत नाही. तेव्हा सरळ सांगायचं, पाच मिनिटांत फोन करते!’’