गाडी भरायच्या आधी सर्वसाधारण दर बघा

कांद्याचा भाव मोबाईलवर सगळेच बघतात, पण बरेच जण चुकीचा आकडा बघतात असं माझं मत आहे. ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोत जास्तीत जास्त दर मोठ्या अक्षरात असतो. तो भाव एखाद-दुसऱ्या निवडक वक्कलालाही मिळालेला असू शकतो.

नुसतं "कांदा भाव आज" टाकलं की आधी व्हिडिओ येतात. त्यात "आज" म्हणजे कधीचा आज, ते कळत नाही. म्हणून बाजार समिती, जात आणि पणन मंडळाच्या साइटचं नाव टाकून शोधा:

```
लासलगाव उन्हाळी कांदा सर्वसाधारण दर msamb
```

msamb.com ही पणन मंडळाची साइट. तिथे आधी तारीख बघा. मग जात बघा, कारण लाल आणि उन्हाळी कांद्याच्या ओळी वेगळ्या असतात. लासलगाव आणि लासलगाव-विंचूर यांच्याही वेगळ्या. पुढे आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर असतो. बहुतेक माल ज्या भावाच्या आसपास गेला, तो सर्वसाधारण. लिलाव उरकून आकडे चढायला वेळ लागतो, म्हणून संध्याकाळी बघितलेलं बरं.

समजा, कमीत कमी 700, जास्तीत जास्त 2100 आणि सर्वसाधारण 1500 रुपये क्विंटल आहे. तुमचा माल 30 क्विंटल. 2100 नं धरला तर 63 हजार, 1500 नं 45 हजार. म्हणजे 18 हजार नुसते कागदावरचे. जवळच्या बाजारात सर्वसाधारण 1400 असेल, तर लांब जाऊन क्विंटलला 100 प्रमाणे 3 हजार जास्त मिळतील. टेम्पोचं जादा भाडं साडेतीन हजार असेल, तर 500 रुपये घरातूनच गेले की. शिवाय माल बारीक किंवा मोड आलेला असेल, तर 1500 सुद्धा धरू नका.

योजनेचंही असंच. "शेतकरी अनुदान" टाकून काहीही हाती लागतं. योजनेचं नाव आणि "शासन निर्णय" टाका, शोध सरकारी साइटपुरता ठेवा:

```
कांदाचाळ अनुदान शासन निर्णय site:maharashtra.gov.in
```

site: नंतर जागा सोडायची नाही. शासन निर्णयावर तारीख आणि संकेतांक असतो. ग्रुपवर आलेल्या कागदावरचा संकेतांक gr.maharashtra.gov.in वर टाकून बघा. तिथे तो निर्णय सापडला नाही, तर त्या कागदाच्या भरवशावर खर्च करू नका. कुणी apk फाईल पाठवून "यातून अर्ज करा" म्हणालं, तर ती उघडूच नका. अर्ज mahadbt.maharashtra.gov.in वर, पत्ता स्वतः टाईप करून.

तुमच्या बाजार समितीत काल सर्वसाधारण दर किती होता? खाली लिहा, जातीसकट आणि तारखेसकट.