‘स्वखुशीने’ या एका शब्दाची किंमत

मैत्रिणींनो, आपल्या घरातली मुलं-मुली आता खासगी कंपन्यांत आहेत. तिथे कामावरून काढायची नवी पद्धत म्हणजे काढायचंच नाही. केबिनमध्ये बोलावून म्हणायचं, “तूच राजीनामा दे, तुझंच नाव चांगलं राहील.” आपल्यालाही वाटतं, बोभाटा नको, सही करून मोकळं व्हावं. माझं मत वेगळं आहे. राजीनामा देणं कधीकधी शहाणपणाचं असतं, पण त्याच दिवशी, त्यांनी सांगितलेल्या शब्दांत देणं कधीच नसतं.

माझ्या भाचीचं उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका कंपनीत सात वर्षं पूर्ण, पगार 78,000, त्यात मूळ वेतन 39,000. डोक्यावर घराचं कर्ज. संध्याकाळी पाच वाजता बोलावलं आणि समोर बसून मेल टाइप करायला सांगितला: ‘वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने, आजपासून राजीनामा देत आहे.’ त्या बदल्यात एक महिन्याचा पगार. नाहीतर टर्मिनेशन लेटर.

तिने दोन दिवस मागितले आणि मला फोन केला. आम्ही वहीत दोन रकाने केले.

ग्रॅच्युइटी दोन्हीकडे सारखीच. पाच वर्षं सलग नोकरी झाली की राजीनामा दिला तरी ती मिळते. मूळ वेतनाला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि वर्षांनी गुणायचं: 1,57,500 रुपये. ‘सही केलीस तर ग्रॅच्युइटी देऊ’ असं कुणी म्हणालं तर समजा, आपलेच पैसे बक्षीस म्हणून दाखवत आहेत. पीएफसुद्धा तिचाच.

फरक पुढे आहे. तिच्या नेमणूकपत्रात दोन महिन्यांची नोटीस होती. कंपनीने काढलं तर दोन महिन्यांचा पगार, म्हणजे 1,56,000, कंपनीने द्यायचा. तिने ‘आजपासून’ राजीनामा दिला तर नोटीस तिची मोडते, आणि लेखी माफी नसेल तर तीच रक्कम तिच्या हिशोबातून वळती करता येते.

तिसरी ओळ नोकरकपातीच्या भरपाईची. कायद्याने ‘कामगार’ धरल्या जाणाऱ्याला दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचं सरासरी वेतन मिळतं, म्हणजे सात वर्षांचे 105 दिवस. भाचीच्या पाटीवर असिस्टंट मॅनेजर लिहिलंय, पण हाताखाली एकही माणूस नाही, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही. कायदा पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम बघतो, त्यामुळे तिला दावा करायला जागा होती. स्वखुशीचा राजीनामा मात्र नोकरकपात ठरत नाही. तो शब्द लिहिला की ही ओळ पुसली जाते, आणि पुढे ‘दबाव होता’ हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं.

म्हणून त्याच रात्री तिने झालेलं बोलणं, वेळ आणि हजर माणसांसह, एचआरला मेलने कळवलं: ‘आज मला राजीनामा द्यायला सांगितलं. मी तो दिलेला नाही. आपला प्रस्ताव लेखी पाठवावा.’ ऑफिसची कागदपत्रं घरी पाठवू नकोस असं मी बजावलं होतं, नाहीतर तोच आरोप व्हायचा. नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा तिच्याकडे आधीच होत्या.

कामगार न्यायालयात जायचं की तडजोड करायची, हा प्रश्न उरला. दाव्याला वर्षं लागू शकतात, आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो. एका वकिलांना सगळं दाखवून तिने तडजोड निवडली. नोटिशीचा पूर्ण पगार, वर दोन महिने, ग्रॅच्युइटी वेगळी, आणि अनुभवपत्राचा मजकूर आधी ठरवून. राजीनाम्यात तिने ‘कंपनीच्या विनंतीवरून’ असं लिहिलं. ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ या कागदावर सही केली ती सगळे आकडे त्यात लिहून आल्यावरच. 105 दिवसांचा दावा तिने सोडला, पण त्याची किंमत माहीत असताना सोडला.

खरंच गैरवर्तनाचा आरोप असेल आणि तो सिद्ध होण्यासारखा असेल, तर राजीनामा बरा. पुढच्या नोकरीच्या चौकशीत बडतर्फीचं पत्र आडवं येतं. पण नुसती माणसं कमी करायची असतील, तर गाजावाजा टाळण्याची गरज कंपनीलाही असते. मग शांतपणे जाण्याचा मोबदला आपणच का सोडायचा?

सही करून आला असाल आणि राजीनामा पुढच्या तारखेचा असेल, तर त्या तारखेआधी सहसा तो लेखी मागे घेता येतो. ‘आजपासून’ लिहून त्याच दिवशी मंजूर झाला, तर ते दार जवळजवळ बंद होतं. घाई कुणाच्या सोयीची आहे, ते इथे कळतं.