थकलेल्या मेंदूचे लक्षण नव्हे

संपादक महोदय,

‘म्हातारपणी मेंदू थकतो, म्हणून गोड तेवढेच आठवते’ हे आपल्या लेखातले विधान चुकीचे आहे. वयाबरोबर एकूण स्मरण घटते, एवढे मान्य. पण कारण थकवा असता, तर लक्ष दुसरीकडे वेधल्यावर गोड आठवणींकडचा हा कल वाढायला हवा होता. मानसशास्त्रज्ञ मॅथर आणि नाइट यांच्या २००५च्या प्रयोगांत ज्येष्ठांना चित्रे पाहताना दुसऱ्या कामात गुंतवले, तेव्हा तो उरलाच नाही. उलट, ज्यांचा मनावर ताबा चांगला, त्यांच्यातच तो ठळक दिसला. उरलेला काळ थोडा आहे हे जाणून माणूस मन कशात गुंतवायचे ते निवडतो, हे मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचे स्पष्टीकरण म्हणूनच अधिक पटते. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा